रेकॉर्डिंगच्या वीस पानांतून दीड पानाचं इतिवृत्त

सोसायटीच्या व्यवस्थापन समितीत नव्याने सचिव झालेल्या माणसाच्या गळ्यात पहिलं काम पडतं ते इतिवृत्ताचं. पूर्वी सचिव सभेत वही घेऊन बसायचा आणि ऐकता ऐकताच गाळायचा. आता कुणीतरी फोन टेबलावर ठेवतो, रेकॉर्डिंग चालू करतो, आणि रात्री ग्रुपवर त्या रेकॉर्डिंगची आपोआप टाइप झालेली फाइल येऊन पडते. सव्वा तासाच्या सभेची वीसेक पानं सहज होतात. त्यात गच्चीची गळती असते, भावाच्या सोसायटीची गळती असते, चहात साखर जास्त पडल्याची तक्रार असते आणि यातच कुठेतरी अडीच लाखांचा निर्णय दडलेला असतो.

या लेखात मी समितीच्या मासिक सभेचंच उदाहरण धरलं आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेचं इतिवृत्तही याच पद्धतीने काढता येतं, फक्त तिथे सूचक, अनुमोदक आणि मतांची मोजणी यांकडे जास्त डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. खाली दिलेले संवाद समजावण्यासाठी रचलेले आहेत, पण समितीच्या सभेत बसलेल्या कुणालाही ते ओळखीचे वाटतील.

फाइल उघडण्याआधी

टाइप झालेली फाइल पहिल्या ओळीपासून वाचत, वाचता वाचता लहान करत जाणं हा सगळ्यात थकवणारा आणि सगळ्यात चुकीचा मार्ग आहे. तसं केलं की सभा ज्या क्रमाने भरकटली त्याच क्रमाने इतिवृत्तही भरकटतं. आधी चार गोष्टी जवळ घ्या: सभेची विषयपत्रिका, सह्यांचं हजेरीपत्रक, मागच्या सभेचं इतिवृत्त आणि मूळ आवाजाची फाइल. टाइप झालेला मजकूर आला म्हणून आवाज पुसून टाकू नका. तो पुढे लागणार आहे.

मग कोऱ्या कागदावर सांगाडा उभा करा. सभेची तारीख, वेळ, ठिकाण, अध्यक्षस्थानी कोण, हजर कोण, रजा कळवून गैरहजर कोण, गणपूर्ती झाली का. त्याखाली विषयपत्रिकेतले विषय क्रमांकासकट उतरवा आणि प्रत्येकाखाली जागा मोकळी सोडा. शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ असं शीर्षक ठेवा. हजर सदस्यांची नावं टाइप झालेल्या मजकुरातून कधीच घेऊ नका, हजेरीपत्रकावरूनच घ्या. जो माणूस सभाभर एक शब्द बोलला नाही तो रेकॉर्डिंगमध्ये नसतो, पण गणपूर्तीत धरला जातो. समितीच्या गणपूर्तीला निम्म्याहून अधिक सदस्य हजर लागतात, त्यामुळे लहान समितीत असा एक मुका सदस्यसुद्धा सभा वैध ठरवू शकतो.

सांगाडा तयार झाला की तुमचं काम बदलतं. आता तुम्हाला वीस पानं लहान करायची नाहीत, सात-आठ रिकाम्या जागा भरायच्या आहेत.

पहिली फेरी: खोडू नका, खुणा करा

पहिल्या वाचनात एक अक्षरही डिलीट करू नका. काय निरुपयोगी आहे हे शेवटपर्यंत वाचल्याशिवाय कळत नाही. समासात फक्त खुणा करत जा. मी चार खुणा वापरते: ‘नि’ म्हणजे निर्णय, ‘का’ म्हणजे कुणीतरी अंगावर घेतलेलं काम, ‘मु’ म्हणजे निर्णयामागचा मुद्दा आणि ‘?’ म्हणजे ऐकून तपासायचं. प्रत्येक खुणेशेजारी विषयाचा क्रमांक लिहा. गच्चीचा विषय चौथा असेल तर त्याची ओळ पार्किंगच्या भांडणात सापडली तरी तिच्यापुढे ‘४’ पडला पाहिजे. मजकुरात वेळेचे आकडे असतील तर तेही टिपा, म्हणजे नंतर आवाजात नेमकी जागा सापडते.

खुणा न झालेल्या ओळी म्हणजे बहुतेक गप्पा. त्या बाजूला ठेवा, टाकून देऊ नका.

ही फेरी करताना कान लावायचा तो आपल्या लोकांच्या होकाराकडे आणि नकाराकडे. ‘हा ठराव मंजूर करण्यात येत आहे’ असं समितीच्या सभेत सहसा कुणी म्हणत नाही. लोक म्हणतात, ‘चालेल’, ‘देऊन टाका’, ‘करा मग’, ‘फायनल करा’, ‘हो, विषय संपवा’. हे शब्द फाइलमध्ये शोध घालून आधीच सापडवून ठेवले तर वाचन बरंच सोपं जातं. पण त्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. एकाचं ‘चालेल’ हे त्याचं मत असतं, सभेचा निर्णय नसतो. त्यानंतर कुणी आडवं बोललं का, अध्यक्ष पुढच्या विषयाकडे वळले का, कुणी लगेच कामाची वाटणी सुरू केली का, हे पाहिलं की तो निर्णय होता की नुसती मान डोलावली होती ते कळतं. कामाची वाटणी सुरू होणं ही सर्वांत खात्रीची खूण. ‘मग तू त्याला उद्या फोन कर’ असं कुणी म्हणालं म्हणजे लोकांच्या मनात विषय ठरलेला असतो.

‘बघू’ मात्र निर्णय नाही. ‘बघू’, ‘बघू या’, ‘पुढच्या वेळी घेऊ’, ‘माहिती काढू आधी’ हे सगळं तहकुबीत जातं. नवखा सचिव पुष्कळदा ‘सीसीटीव्हीचं बघू’ याचं ‘सीसीटीव्ही बसवण्यास तत्त्वतः मान्यता’ करून टाकतो, कारण मोकळी जागा मोकळी ठेवायला संकोच वाटतो. तसं लिहू नका. ‘विषय पुढील सभेपर्यंत तहकूब’ हीसुद्धा पूर्ण नोंद आहे. आणि ‘ठीक आहे’ हा सगळ्यांत फसवा शब्द. तो होकार असू शकतो, ‘पुरे आता’ असू शकतो, चहावाल्याला दिलेलं उत्तरही असू शकतं. ज्या ‘ठीक आहे’वर पैसे किंवा जबाबदारी टांगलेली आहे, त्याच्यापुढे ‘?’ टाका आणि आवाज ऐका.

एक विषय शेवटपर्यंत धरून

आता प्रत्यक्ष उदाहरण. विषय क्र. ४, गच्चीचं वॉटरप्रूफिंग. टाइप झालेल्या फाइलमध्ये तो असा सापडतो:

> [२३:४०] वक्ता २: ते गच्चीचं काय झालं पावसाळा तोंडावर आलाय
> [२३:४६] वक्ता १: तीन कोटेशन आलीत एक आधीच लाखाचं एक तीन दहाचं आणि तिसरा एक नव्वद म्हणतोय
> [२३:५९] वक्ता ३: एक नव्वदवाला नको हां माझ्या भावाच्या सोसायटीत दोन वर्षात गळायला लागलं बेडरूममध्ये बादली ठेवून झोपतात
> [२४:५०] वक्ता ५: तीन दहावाला माझ्या मेहुण्याचा पार्टनर आहे हां आधीच सांगतो नंतर म्हणू नका
> [२५:४८] वक्ता १: एक नव्वदवाला गॅरंटी तोंडीच देतोय लिहून द्यायला तयार
> [२६:१०] वक्ता ४: अडीचवाला गॅरंटी किती देतो
> [२६:१५] वक्ता १: सात वर्षं लेखी
> [२६:२२] वक्ता ३: मग त्यालाच द्या
> [२६:२५] वक्ता २: चालेल
> [२६:४०] वक्ता १: तीस टक्के आधी बाकी टप्प्याटप्प्याने मी सांगतो त्याला

इथे अध्यक्ष पाण्याच्या पंपाकडे वळतात. मग पार्किंगचं भांडण, मग चहा. आणि पंधरा मिनिटांनी, बिस्किटांच्या पुड्यावरून चाललेल्या थट्टेत:

> [४१:०५] वक्ता २: अहो ते गच्चीवाल्याला तीस नको वीसच टक्के द्या नाहीतर एफडी मोडावी लागेल
> [४१:१२] वक्ता १: बरं वीस
> [४१:१५] वक्ता ४: आणि शेवटचे दहा टक्के पहिला पाऊस बघूनच द्या
> [४१:२०] वक्ता २: हो हो ते मागेच ठेवा

जो सव्विसाव्या मिनिटाला थांबला, त्याने इतिवृत्तात ३० टक्के आगाऊ लिहिले. खजिनदार चेक काढायला बसला की तिथे वाद सुरू होतो. म्हणून नियम असा की कोणताही विषय त्याच्या शेवटच्या उल्लेखापर्यंत धरायचा. ‘गच्ची’, ‘वॉटरप्रूफिंग’, ‘लिकेज’, ‘तो कॉन्ट्रॅक्टर’ हे सगळे शब्द पूर्ण फाइलमध्ये शोधा. सभेत लोक विषयाचं नाव एकदाच नीट घेतात, नंतर ‘तो गच्चीवाला’, ‘ते आपलं वरचं काम’ असंच म्हणतात.

इतिवृत्तात मात्र ‘आधी तीस ठरले, नंतर वीस केले’ हा प्रवास लिहायचा नाही. त्याच सभेत ठराव बदलला असेल तर शेवटचं तेवढंच उतरतं. अपवाद एकच: आधीच्या आकड्यावर रीतसर मतदान झालं असेल आणि नंतर ते फिरवलं असेल, तर दोन्ही नोंदी द्याव्या लागतात.

आकडे आणि ‘नाही’ कानांनी तपासा

वरच्या उताऱ्यात ‘आधीच लाखाचं’ हे अर्थातच ‘अडीच लाखाचं’ आहे. आपले पाव, पाऊण, दीड, अडीच, साडे हे शब्द टाइप करणाऱ्या प्रणालीला हमखास चकवतात. ‘पावणेदोन’चं नुसतं ‘दोन’ होतं, ‘साडेसात’चं ‘सात’. साठ, सात आणि आठ घाईत एकसारखे ऐकू येतात. एकोणसाठ आणि एकोणसत्तर तर माणसांचेही चुकतात. शिवाय आपण रकमा अर्ध्याच बोलतो. ‘तीन दहा’ म्हणजे ३,१०,००० आणि ‘एक नव्वद’ म्हणजे १,९०,००० हे सभेतल्या प्रत्येकाला माहीत असतं, कागदाला नसतं. इतिवृत्तात रक्कम अंकात आणि अक्षरात पूर्ण लिहा, आणि ती कोटेशनच्या कागदाशी ताडून पाहा. बोललेला आकडा आणि कोटेशनवरचा आकडा जुळला नाही तर लिहायच्या आधी अध्यक्षांना विचारा.

‘आधीच’ सापडलं म्हणून फाइलभर एका झटक्यात ‘अडीच’ करून टाकण्याचा मोह आवरा. चोविसाव्या मिनिटाला मेहुण्याबद्दल बोलणारा सदस्य खरोखरच ‘आधीच सांगतो’ म्हणाला आहे.

दुसरा धोका याहून वाईट. मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो: ‘द्यायला तयार नाही’, ‘मला मान्य नाही’, ‘आत्ता करायचं नाही’. आणि सभेत दुसरा माणूस बोलायला तोंड उघडतो तेही नेमकं पहिल्याचं वाक्य संपत असताना. दोन आवाज एकमेकांवर चढले की शेवटचा ‘नाही’ गायब होतो. उताऱ्यात पंचविसाव्या मिनिटाला ‘लिहून द्यायला तयार’ असं आलंय. त्याच वाक्यात ‘तोंडीच देतोय’ असल्यामुळे शंका येते, आणि आवाज ऐकला की ‘तयार नाही’ स्पष्ट ऐकू येतं. सगळं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायची गरज नाही. ‘नि’ आणि ‘?’ अशा खुणा केलेल्या जागा, प्रत्येकीच्या दहा-पंधरा सेकंद आधीपासून, एवढंच ऐका.

कोण बोललं याचीही तपासणी इथेच उरका. ‘वक्ता १, वक्ता २’ ही वाटणी सुरुवातीला बरी असते, पण चहाला लोक उठले, जागा बदलल्या, कुणी फोनपासून लांब गेलं की आवाजांची सरमिसळ होते. एक मात्र सोपं आहे. इतिवृत्तात प्रत्येक वाक्याचा धनी शोधायची गरज नसते. काम कुणी अंगावर घेतलं, सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोध कुणी नोंदवला, एवढीच नावं पक्की लागतात.

गप्पांमधलं काय गाळायचं नाही

बादली ठेवून झोपणाऱ्या भावाची गोष्ट गाळायची. ती खरी असेल, पण सभेपुढे तिचा कागद नाही, आणि इतिवृत्त सभासदांना पाहायला मिळतं. एखाद्या कंत्राटदाराबद्दलची ऐकीव तक्रार सोसायटीच्या सहीशिक्क्यानिशी वहीत चढवणं अंगाशी येऊ शकतं. त्याच कंत्राटदाराला नाकारण्याचं दुसरं कारण, लेखी हमी द्यायला तयार नाही हे, कोटेशनवरून दाखवता येतं. ते ठेवायचं. सर्वांत स्वस्त कोटेशन का नाकारलं हा प्रश्न लेखापरीक्षक विचारतो, आणि सहा महिन्यांनी शेजारचा सभासदही विचारतो. म्हणून निर्णयामागचं एक कारण, कागदाने सिद्ध होणारं, एका वाक्यात.

आणि मेहुणा? तो सभेत हसण्यावारी गेला असेल, पण इतिवृत्तातून तो गाळायचा नाही. उपविधींप्रमाणे समिती सदस्याचा ज्या विषयात हितसंबंध आहे त्या विषयाच्या चर्चेत त्याने हजर राहू नये. इथे मेहुण्याचा भागीदार म्हणजे नातं दूरचं, आणि कामही त्या कंत्राटदाराला गेलेलं नाही. तरीही सदस्याने सभेत उघड केलं ही गोष्ट त्याच्याच बाजूची आहे आणि सोसायटीच्याही. अशी नोंद कशी करायची हे अध्यक्षांना आणि त्या सदस्याला विचारून ठरवा, पण गप्पा समजून पुसू नका. हशा ऐकू आला की तिथे थांबून वाक्य दोनदा वाचायची सवय चांगली. अडचणीच्या गोष्टी आपली माणसं हसत हसतच सांगतात.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘माझा विरोध नोंदवून घ्या’. हे वाक्य कितीही रागात, कितीही किरकोळ विषयावर आलेलं असो, ते नोंदवायचं. पण कुणी नुसताच चिडून बोलला, ‘इथे कुणाला काही पडलेलीच नाही’ म्हणाला, तर ते गाळायचं. पार्किंगवरचं भांडण या न्यायाने तीन ओळींत बसतं: पाहुण्यांच्या गाड्यांसाठी राखीव जागांबाबत चर्चा झाली, एकमत न झाल्याने विषय पुढील सभेपर्यंत तहकूब, अमुक सदस्याने विद्यमान वाटपाला विरोध नोंदवला. कोण कुणाला काय म्हणालं हे दोन्ही बाजूंना लक्षात राहणारच आहे, त्यासाठी वही नको.

आजारपण, मुलीचं लग्न, कुणाच्या घरी कोण राहायला आलंय, यांतलं काहीही इतिवृत्तात येता कामा नये. सदस्य ‘दवाखान्यात असल्यामुळे’ आला नाही असं सभेत सांगितलं गेलं, तरी वहीत ‘रजा कळवून अनुपस्थित’ एवढंच.

लिहायला बसताना

आता टाइप झालेली फाइल बंद करा आणि खुणांच्या कागदावरून लिहा. फाइल समोर राहिली तर वाक्यं तिच्याच चालीने येतात. प्रत्येक विषयाला पाच प्रश्न विचारा: काय ठरलं, किती रकमेचं, कोणत्या अटींवर, कोण करणार, कधीपर्यंत. गच्चीच्या विषयाला ते विचारल्यावर एक भोक दिसतं. अडीच लाखांत जीएसटी धरला आहे की वेगळा, हे सभेत कुणी बोललंच नाही. काम कधी सुरू होणार हेही नाही. ही उत्तरं आपल्या मनाने भरायची नाहीत. कोटेशनमध्ये असेल तर कोटेशनचा दाखला द्यायचा, नसेल तर मसुद्यासोबत अध्यक्षांना चिठ्ठी: ‘वि. क्र. ४, जीएसटीबाबत सभेत चर्चा नाही, कार्यादेश देण्यापूर्वी स्पष्ट करावे.’

आणखी एक भोक नवख्याच्या लक्षात येत नाही. दुरुस्तीवर समिती स्वतःच्या अधिकारात किती खर्च करू शकते याला उपविधींत मर्यादा आहे, आणि त्यावरच्या खर्चाला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. अडीच लाखांच्या कामाला ती आधी मिळालेली असली पाहिजे. मागची वही उघडा, वार्षिक सभेचा ठराव शोधा आणि त्याचा क्रमांक लिहा. सभेत सगळ्यांनी ते गृहीत धरलेलं असतं, म्हणून रेकॉर्डिंगमध्ये त्याचा उल्लेखही सापडत नाही.

शेवटी नोंद अशी होते:

> विषय क्र. ४: गच्चीचे वॉटरप्रूफिंग
> वार्षिक सर्वसाधारण सभेने ठराव क्र. ६ अन्वये मंजूर केलेल्या कामासाठी आलेली तीन कोटेशने (रु. १,९०,०००, रु. २,५०,००० व रु. ३,१०,०००) सभेपुढे ठेवण्यात आली. सर्वांत कमी दराच्या कोटेशनधारकाने लेखी हमी देण्यास नकार दिला आहे. रु. ३,१०,००० च्या कोटेशनधारकाशी आपला दूरचा संबंध असल्याचे एका सदस्याने सभेस कळविले.
> ठराव: रु. २,५०,००० (रुपये दोन लाख पन्नास हजार) चे कोटेशन सात वर्षांच्या लेखी हमीच्या अटीवर मंजूर करण्यात येत आहे. २० टक्के रक्कम आगाऊ द्यावी. १० टक्के रक्कम पहिल्या पावसानंतर गळती नसल्याची खात्री करून द्यावी. उर्वरित रक्कम कामाच्या टप्प्यांनुसार द्यावी.
> ठराव सर्वानुमते मंजूर.
> कार्यवाही: अध्यक्ष – कंत्राटदारास कळविणे व लेखी हमी घेणे.

दोन पानांच्या बोलण्यातून एवढं उरलं. ‘सर्वानुमते’ लिहिण्याआधी खात्री करा की ऐकलेल्या भागात कुणी विरोध केलेला नाही. एकानेही विरोध केला असेल तर शब्द ‘बहुमताने’ होतो. सूचक-अनुमोदकाची नावं तुमच्या सोसायटीत समितीच्या ठरावांना लिहिण्याचा प्रघात असेल तर रेकॉर्डिंगमध्ये ज्याने ‘मग त्यालाच द्या’ म्हटलं तो आपोआप सूचक होतो असं समजू नका, त्याला विचारून घ्या.

भाषेबद्दल थोडंसं. ‘सखोल चर्चा झाली’, ‘साधकबाधक विचारविनिमय करण्यात आला’ या वाक्यांनी पान भरतं, पण त्यांतून काहीच कळत नाही. ती काढा. ‘लवकरात लवकर’ म्हणजे कधीच नाही, तिथे सभेत तारीख ठरली असेल तर ती घाला. कर्मणी वाक्यं इतिवृत्तात चालतात, पण ‘कार्यवाही’च्या ओळीत मात्र माणूस हवा. ‘कंत्राटदारास कळविण्यात यावे’ असं लिहिलं की पुढच्या सभेत सगळे एकमेकांकडे बघतात.

चहाच्या वेळी ठरलेला पंप विसरू नका. ‘अरे मग पंपाची एएमसी पण त्याच माणसाला देऊन टाका’ अशी ओळ बिस्किटांजवळ सापडली, आणि त्यावर दोघा-तिघांनी होकार दिला असेल, तर तो विषय विषयपत्रिकेवर नव्हता. अध्यक्षांनी तो त्याच सभेत घेतला होता का, हे त्यांना विचारा. घेतला असेल तर ऐनवेळच्या विषयांत जातो. नसेल तर तो चहावरच्या गप्पांतच राहतो आणि पुढच्या विषयपत्रिकेवर येतो.

मसुदा फिरवताना

मसुदा दोन दिवसांत पाठवा. आठवडा गेला की लोकांना सभेत काय ठरलं त्याऐवजी काय ठरायला हवं होतं तेच आठवतं. मसुद्यावर ‘मसुदा’ असं ठळक लिहा आणि आधी फक्त अध्यक्षांना द्या. मग समितीला. वर्ड किंवा गूगल डॉक्समधली फाइल देण्यापेक्षा पीडीएफ द्या, नाहीतर प्रत्येक जण आपापली दुरुस्ती थेट मजकुरात करून टाकतो आणि कोणती प्रत खरी हे शोधण्यात तुमची संध्याकाळ जाते.

आलेल्या दुरुस्त्या दोन जातींच्या असतात. ‘मी सात वर्षं म्हणालो, पाच नाही’ ही नोंदीची दुरुस्ती. ती आवाज ऐकून मान्य किंवा अमान्य करा. ‘ते वीस टक्के लिहू नका, मी कंत्राटदाराशी बोललो, तो पंचवीस मागतोय’ हा नवा निर्णय आहे. तो या इतिवृत्तात येत नाही, मग ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दाखवलेले असले तरी. तो पुढच्या सभेपुढे ठेवा. नव्या सचिवावर सगळ्यात जास्त दबाव इथेच येतो, आणि ‘सभेत असं झालं नव्हतं, रेकॉर्डिंग आहे’ हे एक वाक्य बहुतेक वेळा पुरतं.

सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त असेल तर घाईचं कारण वेगळं आहे. समितीने सभेपासून तीन महिन्यांत मसुदा अंतिम करायचा, समितीच्या त्या सभेनंतर १५ दिवसांत तो सभासदांना द्यायचा आणि सभासदांना हरकती कळवायला १५ दिवस द्यायचे, असा क्रम आदर्श उपविधींत घालून दिलेला आहे. तुमच्या सोसायटीने स्वीकारलेल्या उपविधींची प्रत उघडून त्या मुदती आधीच कॅलेंडरवर टाका.

रेकॉर्डिंग पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होईपर्यंत जपून ठेवा, त्यानंतर त्याचं काय करायचं हे समितीलाच ठरवू द्या आणि तो निर्णयही वहीत लिहा. टाइप झालेली वीस पानं मात्र ग्रुपवर टाकू नका. त्यात भावाची बादली, एफडी मोडायची चर्चा आणि कुणाच्या तरी मेहुण्याचा उल्लेख अजून तसाच आहे.